नाटकाच्या पेपरात प्रवेशाचं विश्लेषण: सामंताच्या साक्षीवर लिहिताना या चुका टाळा

नाटकाच्या पेपरात एखाद्या प्रवेशाचं विश्लेषण करा म्हटलं की आपली पोरं काय करतात, तर गोष्ट सांगायला सुरू करतात. 'शांतता! कोर्ट चालू आहे' ज्यांना लागलंय त्यांच्याकडं तर हे हमखास, कारण या नाटकाची गोष्टच अशी आहे की सांगत बसलं तरी तीन पानं सहज भरतात, आणि पानं भरली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून असल्या उत्तरांचे गठ्ठे बघितल्यावर सांगतो, चुका सगळ्यांच्या थोड्याफार त्याच असतात. तेंडुलकरांचं हे नाटक 1967 साली रंगमंचावर आलं, तीन अंकांचं आहे, आणि त्यातला दुसऱ्या अंकातला सामंताच्या साक्षीचा भाग घेऊन आपण बघू, कारण संघर्ष, संवाद, हेतू तिन्ही तिथं एका जागी सापडतात आणि पोरं घसरतातही तिथंच.

आधी प्रसंग डोक्यात पक्का करा, पण उत्तरात चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका. शहरातनं एक हौशी मंडळ खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलंय, प्रयोग रात्री आहे, वेळ जायचा म्हणून आणि गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गंमतीत एक खटला चालवायचं ठरतं. आरोपी मंडळातल्याच बेणारे बाई, आरोप भ्रूणहत्येचा. हा आरोप बाई आत गेलेली असताना बाकीच्यांनी ठरवलेला असतो. मंडळातल्या रोकडेकडनं बाई प्राध्यापक दामल्यांच्या घरी दिसल्याचं बाहेर पडतं, आणि मग सामंताला साक्षीला उभं करतात. तो हातातल्या कादंबरीतलं ऐकवतो, दामल्यांच्या खोलीत कोणी बाई रडत होती असं. आणि गंमत तिथंच संपते.

पहिली चूक: संघर्ष म्हणजे विषय समजणं

दहातली आठ उत्तरं 'या प्रवेशात स्त्री विरुद्ध पुरुषप्रधान समाज असा संघर्ष आहे' इथनं सुरू होतात. वाक्य खोटं नाही, पण ते पूर्ण नाटकाबद्दल आहे, या प्रवेशाबद्दल नाही, कुठल्याही पानावर चिकटवलं तरी चालतंय. शिवाय मंडळातल्या मिसेस काशीकर कुठल्या बाजूला उभ्या आहेत? त्या तर बाईला कोंडण्यात सगळ्यात पुढं, मग तुमचं वाक्य तिथंच लंगडं पडतं.

प्रवेशातला संघर्ष शोधायचा म्हणजे एक साधा प्रश्न विचारायचा, या पाच-दहा मिनिटांत कोणाला कोणाकडनं काय पाहिजे आणि ते कोण अडवतंय. इथं वकील झालेल्या सुखात्मेला साक्ष पाहिजे, बेणारेला हे सगळं पुन्हा खेळ म्हणून राहायला पाहिजे. बस्. तिचं सगळं बोलणं, म्हणजे आधी थट्टा, मग हे माझं खाजगी आहे असा आक्षेप, मग हे खोटं आहे म्हणून ओरडणं, हे त्या एकाच प्रयत्नाचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला तिची जागा कमी कमी होत जाते. तिची अडचण अशी की खेळ म्हणून हसून सोडावं तर खेळ पुढं चालतो, आणि रागावून विरोध करावा तर विरोध म्हणजेच कबुली धरली जाते. हा पेच तुमच्या उत्तरात आला की परीक्षकाला कळतं पोरानं प्रवेश वाचलाय, गाईड नाही.

एक मुलगी होती गडहिंग्लजची, तिनं विचारलं, "सर, पण सामंत खोटं बोलतोय हे तर सगळ्यांना म्हाईत आहे, मग बाई इतकी का चिडली?" हाच प्रश्न उत्तरात लिवायचा होता. सामंतानं पुस्तकातलं काल्पनिक सांगितलं आणि ते तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडलं, कारण दामल्यांपासून तिला खरंच दिवस गेलेले असतात, त्यामुळं खोटी साक्ष आणि खरी प्रतिक्रिया अशी विचित्र जोडी तयार झाली, आणि बाकीच्यांनी साक्षीवरनं नाही, तिच्या प्रतिक्रियेवरनं निकाल काढला.

हेतू म्हणजे स्वभावाचं विशेषण नव्हे

'सुखात्मे क्रूर आहे, काशीकर ढोंगी आहेत, रोकडे भित्रा आहे, सामंत भोळा आहे.' ही विशेषणं झाली. हेतू म्हणजे माणूस हे आत्ताच, याच क्षणी का करतोय याचं उत्तर, आणि ते मजकुरात दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी पहिला अंक उघडायला लागतो, जो पोरं वाचतच नाहीत कारण तिथं 'काही घडत नाही' असं त्यांना वाटतं.

पहिल्या अंकात बेणारे सामंताला मंडळातल्या एकेकाची टिंगल करत ओळख करून देते. वकील असा की ज्याच्याकडं पक्षकार फिरकत नाहीत, शास्त्रज्ञ इंटर नापास, रोकडे काशीकरांच्या तुकड्यावर वाढलेला, आणि मिसेस काशीकरांना मूलबाळ नाही यावरही टोमणा आहेच. म्हणजे प्रत्येकाची दुखरी नस तिनं आधीच आपल्याला दाखवून ठेवलीय. आता दुसऱ्या अंकात बघा, वकील म्हणून उभं राहिलं की सुखात्मेला जो रुबाब खऱ्या कोर्टात कधी मिळाला नाही तो इथं मिळतो, आणि तो सोडायला त्याचा जीव होत नाही. रोकडेला साक्षीत धड बोलता येईना, सगळे टोचतायत, मग तो बाईचं नाव फेकून स्वतःची सुटका करून घेतो. त्याला बाईचा द्वेष आहे का? माझ्या मते नाही, त्याला फक्त स्वतःवरची नजर दुसरीकडं वळवायची आहे. प्रत्येकाचं अपयश वेगळं म्हणून प्रत्येकाचा हेतू वेगळा, आणि 'सगळ्यांना बाईचा सूड घ्यायचा होता' असं एका फटक्यात लिवलं की ही सगळी बारकाई गेली.

आणि सामंत. याच्याबद्दल भोळा म्हणून पुढं जाऊ नका, या प्रवेशाचं मर्म तिथंच आहे. चौथा साक्षीदार आलेला नाही म्हणून याला धरून उभा केलाय, त्याला स्टेजची भीती आहे, पाहुण्यांचा खेळ आपल्यामुळं बिघडू नये एवढंच त्याला पाहिजे. त्याचा हेतू चांगला आहे आणि नुकसान सगळ्यात जास्त त्याच्याच साक्षीनं होतंय. ज्याच्याशी बाई पहिल्या अंकात सगळ्यात मोकळी बोलली त्याच्याच तोंडून हे येतंय, हेही लिवा. हेतू आणि परिणाम यांत अंतर दाखवता येणारं पात्र पेपरात मिळालं तर ते सोडायचं नसतंय भावा.

संवाद नुसते उतरवून ठेवू नका

पोरं पाठ केलेली वाक्यं अवतरणात टाकतात आणि खाली लिहितात 'यावरून संवादाची परिणामकारकता दिसते'. कुठं दिसते? वाक्य दिलं की लगेच तीन गोष्टी बघायच्या: कोण कोणाला बोलतंय, कुठल्या भाषेत बोलतंय, आणि त्यानंतर समोरचा काय करू शकत नाही.

सुखात्मे कोर्टाच्या कोरड्या, छापील भाषेत बोलतो, साक्षीदार आणि आरोपी अशा शब्दांत, त्यामुळं बाईच्या घरगुती बोलण्याला तिथं जागाच राहत नाही. ती 'हे खोटं आहे' म्हणते तेव्हा ते वाक्य कोर्टाच्या भाषेत आक्षेप ठरतं, आणि आक्षेप फेटाळणं न्यायाधीशाच्या हातात. न्यायाधीश झालेले काशीकर शांततेचा हुकूम देतात तेव्हा नाटकाचं नावच तिथं हत्यार होतं, तोंड बंद कोणाचं होतंय ते बघा. सामंताच्या बोलण्याचा सूर तर एकदम वेगळा, कादंबरीतल्या रडक्या नायिकेची भाषा, साक्षीत ती इतकी विजोड वाटते की आपल्याला आधी हसू येतं आणि मग आपण हसलो याचं बरं वाटत नाही.

इथं अजून एक घोळ होतो. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा मोबाईलवर कुठलातरी प्रयोग बघितलेला असतो आणि त्यातल्या नटीनं जे केलं, ओढणी चावली, खुर्ची लाथाडली, ते सगळं पोरं तेंडुलकरांच्या नावावर लिवतात. ते त्या दिग्दर्शकाचं आहे. संहितेतल्या रंगसूचना वेगळ्या, प्रयोगातला अर्थ वेगळा, प्रयोगाचा उल्लेख करायचा तर तसं स्पष्ट म्हणा.

रंगसूचनांवरनं आठवलं, दाराची कडी. पहिल्या अंकात बेणारेचं बोट कडीत सापडतं आणि सामंत तिला सांगतो की ही कडी जरा चुकीची राहिली की दार बाहेरनं बंद होतं, माणूस आत अडकतो. वाचताना वाटतं उगाच गंमत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाई पिशवी घेऊन निघून जायला दाराशी जाते, आणि दार उघडत नाही. तिला कोणी हातानं अडवत नाही, एक साधी कडी अडवते. संघर्षाबद्दल लिहिताना ही कडी आली नाही तर उत्तर अर्धं राहिलं असं मी म्हणेन.

आता एक नमुना, पोरं लिवतात तसं: 'सामंताच्या साक्षीमुळे बेणारे दुखावते आणि तिला अन्यायाची जाणीव होते. लेखकाने हा प्रसंग प्रभावीपणे रंगवला आहे.' हेच असं लिवा: 'सामंत कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून सांगतो, त्याचा हेतू फक्त वेळ निभावण्याचा आहे. पण बेणारे थट्टा सोडून ओरडून विरोध करते आणि तो विरोधच इतरांना पुरावा वाटतो. इथून खेळ आणि खटला यांतली सीमा पुसली जाते, आणि ती दाराकडे जाते तेव्हा कडीच आड येते.' लांबी तिपटीपेक्षा जास्त नाही, पण प्रत्येक वाक्यात कोणीतरी काहीतरी करतंय आणि त्याचा परिणाम पुढच्या वाक्यात दिसतोय. स्वतःचं उत्तर तपासायचं तर एवढंच बघा, पात्रांची नावं खोडून त्या जागी दुसऱ्या नाटकातली घातली तरी वाक्य चालतंय का, चालत असलं तर ते वाक्य बाद.

शेवटची एक चूक, दुसऱ्या अंकाच्या प्रश्नात तिसऱ्या अंकातलं बाईचं लांबलचक स्वगत घुसडणं. पाठ असतं म्हणून मोह होतो. त्यातही लोक लिहितात की 'बेणारे सर्वांना सडेतोड उत्तर देते'. नाही देत. ती बोलत असताना बाकीचे जागच्या जागी गोठलेले असतात, तिचं बोलणं आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही, आणि बोलणं संपलं की कोर्ट काही झालंच नाही असं पुढं सरकतं. प्रश्न दुसऱ्या अंकाचा असेल तर या स्वगताला एका ओळीत निपटवा, दाराच्या कडीला चार ओळी द्या.