सक्सेशन सर्टिफिकेटची कोर्ट फी : किती लागते आणि ती आधी कशी मांडावी

घरातली व्यक्ती गेल्यावर बँक किंवा शेअर कंपनी 'कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा' म्हणते, आणि मग कळतं की या अर्जाची कोर्ट फी ठरावीक नसते. ती मागितलेल्या रकमेवर चढते. महाराष्ट्रात अर्जात काय लिहिलं यावर हजारो रुपयांचा फरक पडतो. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी यादी करायला बसावं.

सगळ्यात आधी, यादीत काय येत नाही ते बघा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार हे प्रमाणपत्र फक्त मयताच्या 'येण्यां'साठी आणि रोख्यांसाठी असतं : बँकेतल्या ठेवी, कोणाला दिलेली उसनवारी, शेअर, डिबेंचर, सरकारी रोखे. फ्लॅट, शेतजमीन, दुकानाचा गाळा यात नाही. 'घर एक कोटीचं आहे, मग फी किती होईल' ही भीती म्हणूनच बिनकामाची. उलट चूकही होते : मयताच्या नावावर चार लाखांचं कर्ज आहे म्हणून ठेवींमधून ते वजा करून आकडा लिहितात. इथे मोजायची ती मयताला मिळायची रक्कम.

आता किंमत कोणत्या दिवसाची? बहुतेक जण मृत्यूच्या तारखेचं स्टेटमेंट घेऊन येतात. पण ठेवीची रक्कम अर्जाच्या दिवशी जितकी झाली असेल तितकी, व्याजासकट, धरतात. शेअरची किंमत म्हणजे अर्जाच्या दिवसाचा बाजारभाव. वडील तीन वर्षांपूर्वी गेले असतील तर जुना आकडा चालत नाही. बँकेकडून आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह शिल्लक दाखवणारं पत्र घ्या आणि डीमॅट होल्डिंगचं ताजं स्टेटमेंट काढा. दोन्ही अर्जाला जोडावी लागतात.

दर महाराष्ट्र कोर्ट फी कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने चढतात : पन्नास हजारांपर्यंत २ टक्के, पन्नास हजार ते दोन लाख या भागावर ४ टक्के, आणि दोन लाखांवरच्या भागावर साडेसात टक्के. कमाल मर्यादा ७५,००० रुपये. पहिल्या दोन टप्प्यांची फी मिळून सुमारे ७,००० होते, त्यामुळे साधारण अकरा लाखांच्या आसपास कमाल आकडा गाठला जातो. पुढे वीस लाख असोत वा दोन कोटी, फी तीच. सगळं नियोजन याच एका वळणावर अवलंबून आहे.

उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३७२ मध्ये एक सोय आहे, जी फारच थोड्यांना माहीत असते : अर्ज सगळ्या मालमत्तेसाठी करायलाच हवा असं नाही, काही ठेवींसाठी किंवा त्यांच्या काही भागासाठीही करता येतो. एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. मयताच्या नावे दोन सहकारी बँकांत ठेवी आहेत, व्याजासकट एकीत सहा लाख, दुसरीत चार लाख. नामनिर्देशन कुठेच नाही. दोन्ही अर्जात घेतल्या तर फी सुमारे ६७,००० होते. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी सहकारी बँकांत पाच लाखांपर्यंत, तर इतर व्यापारी बँकांत पंधरा लाखांपर्यंत सोप्या कागदपत्रांवर दावा मंजूर करता येतो. वारसांमध्ये वाद नसेल तर चार लाखांची ठेव प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांच्या संमतीवर निघते. मग अर्जात राहतात फक्त सहा लाख, आणि फी सुमारे ३७,०००. तीस हजार वाचतात.

शिवाय दुसरी अडचणही सुटते. कायद्याने फीइतकी रक्कम अर्जासोबत न्यायालयात जमा करायची असते; काही न्यायालयांत आदेश झाल्यावर भरून घेतात, ते आधी विचारून घ्या. नेमका त्याच वेळी घरात पैसा नसतो, कारण खाती गोठलेली. म्हणून छोट्या खात्यांचे दावे आधी करा, आलेल्या रकमेतून फी भरा. कोणी स्वतःच्या खिशातून भरली तर वाटणीच्या वेळी वजावट कशी होणार हे सगळ्या वारसांनी लिहून ठेवलेलं बरं. भावंडांत यावरून वाजतं.

आता उलट बाजू. डीमॅट खात्यात अठरा लाखांचे शेअर आहेत आणि नॉमिनी नाही. सेबीने २०२२ मध्ये घालून दिलेली पंधरा लाखांची मर्यादा ओलांडली, म्हणजे सर्टिफिकेट लागणार, आणि फी ७५,००० ला पोहोचली. इथे काही वगळण्यात अर्थ नाही. जुने कागदी शेअर, विसरलेल्या ठेवी, कुठेतरी पडून असलेले लाभांश, सगळं यादीत घाला. एक पैसा जास्त लागत नाही. नंतर काही सापडलं तर कलम ३७६ खाली सर्टिफिकेट वाढवून घ्यावं लागतं, आणि त्या वाढीव रकमेवर फीचा दर दीडपट असतो, वर नव्याने तारखा. कपाटातल्या फायली, जुनी आयकर विवरणपत्रे आणि बँक स्टेटमेंटमधल्या व्याजाच्या नोंदी अर्जाआधीच चाळा.

अर्ज तयार झाला की अनुसूची स्वतः वाचा. खाते क्रमांक, पावती क्रमांक, फोलिओ, शेअरची संख्या, कंपनीचं आजचं नाव, हे सगळं नेमकं हवं. कंपनीचं नाव विलीनीकरणानंतर बदललं असेल तर सर्टिफिकेटवर जुनंच नाव येतं आणि कंपनीचा शेअर रजिस्ट्रार ते परत पाठवतो. ठेवीपुढे 'त्यावरील व्याजासह' हे शब्द असू द्या. सर्टिफिकेट मिळेपर्यंत आणखी व्याज चढतं, आणि बँकेतला माणूस आकडा जुळत नाही म्हणून अडून बसतो.

अर्ज नामंजूर झाला तर जमा फी परत मिळते. कलम ३७९ मध्ये तशी तरतूद आहे. वकिलाची फी, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा खर्च मात्र गेलाच. न्यायालय जामीनदारासह बंधपत्र मागू शकतं, म्हणून जामीन राहणारा एखादा नातेवाईक आधीच तयार ठेवा.

ज्यांना हा खर्च पुढच्या पिढीवर येऊ द्यायचा नाही, त्यांनी आज प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशित करता येतात. नॉमिनीला पैसे थेट मिळतात, सर्टिफिकेट लागत नाही. मात्र पैसे त्याच्या मालकीचे होत नाहीत. तो वारसांच्या वतीने घेतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही स्पष्ट केलं आहे. त्यामुळे थोरल्या मुलाला नॉमिनी केलंत आणि पैसे फक्त त्यालाच द्यायचे असतील, तर मृत्युपत्रही करून ठेवावं.