परम्युटेशनची ऑर्डर काढायची कशी? पार्किंगच्या १२ जागांवरून

समजा, खारघरच्या एका सोसायटीत पार्किंगच्या १२ जागा आहेत. खांबाखालची जागा कायम एकाच्याच नशिबी येऊ नये म्हणून दर जानेवारीत गाड्या ठरलेल्या पद्धतीने हलवतात: १ ची गाडी ४ वर, ४ ची ७ वर, ७ ची २ वर आणि २ ची परत १ वर. दुसरीकडे ३ → ९ → ५ → ८ → १० → ६ → ३. ११ आणि १२ ची अदलाबदल होत नाही, त्या गाड्या आहेत तिथेच. सगळ्या गाड्या एकाच वेळी मूळ जागी किती वर्षांनी येतील? ही संख्या म्हणजेच या परम्युटेशनची ऑर्डर.

आधी चक्रांच्या रूपात लिहा:

(१ ४ ७ २)(३ ९ ५ ८ १० ६)

मग प्रत्येक चक्रातले आकडे मोजा. इथे ४ आणि ६. हलत नसलेल्या ११ आणि १२ ची लांबी १, त्यांनी उत्तर बदलत नाही, म्हणून त्या लिहिल्याच नाहीत.

पहिल्या चक्रातल्या गाड्या ४, ८, १२... वर्षांनीच घरी येतात, दुसऱ्यातल्या ६, १२, १८... वर्षांनी. दोन्ही याद्यांत पहिल्यांदा येणारा आकडा १२, म्हणजे ४ आणि ६ चा लसावि. परीक्षेत बरेच जण सरळ गुणाकार करून २४ लिहितात. २४ वर्षांनी गाड्या जागेवर असतात हे खरंच, पण त्या १२ वर्षांनीही असतात, आणि ऑर्डर म्हणजे सर्वांत लहान संख्या. लांब्यांमध्ये सामाईक अवयव नसेल तेव्हाच गुणाकार चालतो.

उत्तर पडताळायला बारा वेळा गाड्या हलवायची गरज नाही. खरी ऑर्डर १२ ची विभाजकच असणार, म्हणून १२ ला त्याच्या मूळ अवयवांनी, २ आणि ३ ने, भागून पाहा. ६ वर्षांनी पहिलं चक्र दोन घरं पुढे असतं; ४ वर्षांनी दुसरं जागेवर आलेलं नसतं. दोन्ही बाद, म्हणून १२ पक्कं.

खरी फसगत होते ती चक्रं वेगळी नसताना. (१ २ ३)(३ ४) पाहून कुणीही लसावि ६ म्हणेल, पण ३ दोन्हीकडे आहे. उजवीकडून डावीकडे लावत जा: १ जातो २ वर, २ जातो ३ वर, ३ आधी ४ होतो आणि तिथेच राहतो, ४ आधी ३ होतो, मग १. म्हणजे हे निव्वळ (१ २ ३ ४) आहे आणि ऑर्डर ४. म्हणून लसाविला हात घालण्याआधी एकही आकडा दोनदा आलेला नाही ना, ते बघाच.

आणि कमिटीला १२ जागांत जास्तीत जास्त लांबलेलं वेळापत्रक हवं असेल, तर सगळ्या गाड्या एकाच मोठ्या चक्रात फिरवून भागणार नाही. त्याची ऑर्डर १२ च. ३, ४ आणि ५ जागांची तीन चक्रं केली की लसावि ६० होतो, आणि १२ जागांत याहून मोठी ऑर्डर मिळत नाही.