झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी: सेट लावून की पानावार?

सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल धरा: ११ पानं, पाठपोट, ४० प्रती. म्हणजे प्रतीला ६ कागद, एकूण २४०. फाइल पीडीएफ करून न्या, पेनड्राइव्हसोबत मेलवरही ठेवा, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आता खरं काम. प्रिंटच्या खिडकीत Collate वर खूण असेल तर १ ते ११ असा पूर्ण सेट पडतो, मग पुढचा. खूण नसेल तर एकाच कागदाच्या ४० प्रती, मग पुढच्या कागदाच्या ४०. असे सहा गठ्ठे हातात आले की काउंटरवर उभं राहून एकेक कागद २४० वेळा उचलायचा, आणि मागे रांग. म्हणून आधी दोन प्रती काढायला सांगा. एक नव्हे, दोन. एका प्रतीत दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात. मागच्या खेपेला मी हेच विसरलो होतो. दुसरी प्रत आली की लगेच कळतं: पहिले दोन कागद एकसारखे असले तर थांबवा.

दोन प्रतींचा आणखी एक उपयोग आहे. आपली पानं विषम आहेत. काही मशीनवर अकराव्या पानाच्या पाठीवर पुढच्या प्रतीचं पहिलं पान छापलं जातं, आणि मग सगळे सेट बिघडतात. हेही एका प्रतीत दिसत नाही! तसं झालं तर फाइलच्या शेवटी एक कोरं पान जोडा.

मग पानावार कधी काढायचं? फाइल नाही, फक्त कागद आहेत, आणि मशीनला वर फीडर नाही, पानं साठवायची सोयही नाही, तेव्हा. काचेवर पान ठेवून ४० काढले की झाकण ११ वेळा उघडावं लागतं. सेट लावायला गेलात तर ४४० वेळा. तिथे हट्ट करू नका, हाताने लावलेलं परवडतं. जुन्या प्रिंटरवर फोटोंची फाइल असेल तरीही हाच विचार करा: मेमरी कमी असली की सेटमध्ये प्रत्येक पान नव्याने तयार होतं आणि मशीन पानापानाला अडतं. हे कळायलाही दोन प्रतीच लागतात. पहिल्या प्रतीला थांबणारच, दुसरीलाही तेवढंच थांबलं तर पानावार घ्या. बाकी नव्या मशीनवर छापायचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे सेटच.

कागद अडकला तर त्या आसपासचे सेट मोजून घ्या. पिना तिथेच मारून घ्या. पैसे देण्याआधी शेवटचा सेट उघडून बघा, कमी पडलं तर तिथेच सापडतं. आणि दोन प्रती. आधी दोन.