लाल झारीचा दिवा लागला? या चुका टाळा

मित्राने रात्री कारच्या डॅशबोर्डचा फोटो पाठवला. त्यात झारीसारखं लाल चिन्ह होतं, तोटीला एक थेंब लटकलेला, म्हणजे इंजिन ऑइलचा दाब कमी असल्याचा इशारा. सोबत प्रश्न : "मेकॅनिक दोन किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ का?"

असा फोटो आला की मी आधी आरपीएमचा काटा बघतो. काटा शून्यावर आणि बॅटरीचाही लाल दिवा लागलेला असेल, तर बहुधा फक्त चावी ऑन आहे, इंजिन चालू नाही. तेव्हा हे दिवे लागतातच आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझतात. मित्राच्या फोटोत काटा आठशेवर होता, म्हणजे इंजिन चालू आणि ऑइलचा दाब बहुधा नाही. मी मेसेज न टाइपता थेट फोन केला : "आधी इंजिन बंद कर."

हळू चालवलं तर चालतं, ही इथली सगळ्यात महागडी चूक. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. दाब गेला की धातू धातूवर घासतो, मग वेग कितीही कमी असो. इंजिन खराब व्हायला दोन किलोमीटर पुष्कळ झाले. मात्र घाबरून धावत्या गाडीची चावीही काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी लगेच कडेला घ्या, थांबवा आणि मगच बंद करा.

दुसरी चूक म्हणजे डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, लगेच काढून बघणं. ऑइल खाली उतरायला दहा मिनिटं द्या. गाडी सपाट जागी हवी. पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. मित्राच्या पट्टीच्या टोकालाही ऑइल लागलं नव्हतं. डिकीत योग्य ग्रेडचा डबा होता, हे त्याचं नशीब. पण गाडीखाली ओघळ दिसला असता, किंवा आधी इंजिनातून ठकठक आवाज आला असता, तर मी त्याला पुढचं काही करू दिलं नसतं.

डबाभर ऑइल एकदम ओतायचं नाही. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर मावतं आणि जास्त भरलेलंही इंजिनाला बाधतं. त्याने अर्धा लिटर घातलं, पाच मिनिटं थांबून पट्टी बघितली, असं दोनदा केलं. पातळी दोन खुणांच्या मध्ये आल्यावर इंजिन सुरू केलं. दिवा तीन सेकंदांत विझला. पाच सेकंदांतही विझला नसता तर लगेच बंद करायला सांगितलं होतं.

पट्टीवर ऑइल पुरेसं असूनही दिवा लागला असेल, तर "सेन्सर खराब असेल" म्हणून गाडी हाकू नका. सेन्सर खराब असूही शकतो, पण ते मेकॅनिक प्रेशर गेज लावून ठरवतो. ऑइल पंप गेला असेल तर रस्त्यावर तुम्हाला फरक कळणार नाही. अशा वेळी गाडी टो करून न्यायची.

चिन्ह पिवळं असेल तर बहुतेक गाड्यांत फक्त पातळी कमी झालेली असते. म्हणून फोटो काढताना रंग नीट येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा.