एकच घोषणा, तीन ठिकाणी

समजा, शनिवारी मातीकामाची कार्यशाळा आहे. मजकूर आधी एक्ससाठी लिहा, कारण तिथेच जागेची सगळ्यात जास्त ओढाताण. मोफत खात्याला २८० चिन्हं मिळतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘कार्यशाळा’ दिसायला चार अक्षरी, मोजणीत नऊ! लिंक मात्र कितीही लांब असो, २३ धरली जाते. म्हणून ती छोटी करत बसू नका. ‘शनिवारी ११ वाजता चाकावर पहिलं भांडं घडवा. जागा १२. नोंदणी:’ आणि पुढे लिंक, झालं.

इंस्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये टाका. तारीख, वेळ, ठिकाण फोटोवरच मोठ्या अक्षरांत लिहा. फोटो चिखलाने माखलेल्या हातांचा घ्या, पोस्टरचा नको.

लिंक्डइनवर पहिल्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. तिथे ‘कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे’ लिहिलंत, तर कामाचं सगळं आतच राहतं. सुरुवात अशी करा: ‘ऑफिसच्या टीमसाठी तीन तासांचं मातीकाम, शिकवणारे दोघे कुंभार.’ हे कोण, किती वर्षं या कामात आहेत, ते त्याखाली सविस्तर.