क्लच घसरतोय की सुटत नाहीये?

चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. वरच्या गिअरमध्ये क्लचवर जास्त ताण येतो, म्हणून खोड आधी तिथेच दिसते. अशा वेळी केबल मुळीच आवळू नका. पेडलला मोकळी चाल उरली नसेल, तर उलट केबल थोडी सैल करून पाहा. तरीही घसरला, तर बहुधा प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागलंय.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद थांबलं तरी रिव्हर्स कर्रकन वाजतो? मग क्लच पूर्ण सुटत नाही. केबल सैल झाली असेल. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी क्लच ऑइलची पातळी बघा. नुसत्या या आवाजावरून नवी प्लेट टाकायला हो म्हणू नका.