गँट चार्टच्या फोटोतून उशीर शोधताय? या चुका टाळा

साइट ऑफिसच्या भिंतीवरच्या गँट चार्टचा, म्हणजे आडव्या पट्ट्यांत काढलेल्या कामांच्या वेळापत्रकाचा, फोटो मोबाईलवर येतो, सोबत एकच ओळ: "कुठली कामं अडलीत, पटकन सांगा." आणि पटकन सांगण्याच्या नादातच घोळ होतो. वर्षानुवर्षं तेच घोळ पाहतोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाल पट्टी दिसली की ते काम उशिरा चाललंय असं समजणं. बहुतेक चार्टमध्ये लाल म्हणजे क्रिटिकल, म्हणजे ज्या कामाला फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता लांबण्याची मोकळीक, उरलेला नाही असं काम. ते अगदी वेळेवरही चाललेलं असू शकतं. उशीर कळतो बेसलाइनशी, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या वेळापत्रकाशी, तुलना केल्यावर. ती पट्टीखालच्या बारीक करड्या किंवा पिवळ्या पट्टीत दिसते, तीही चार्ट काढणाऱ्याने दाखवली असेल तर.

आमच्या एका कामावर नेमकं हेच झालं. चार्टवर पाइपिंग लाल होतं, 25व्या दिवसापासून 34व्यापर्यंत, आणि त्यानंतर 35 ते 38 टेस्टिंग. पंपाची खरेदी निळ्या पट्टीत होती. नव्या इंजिनियरने फोटो पाहून कळवलं, "पाइपिंग लेट आहे." लगेच तिथे माणसं वाढवली गेली. खरं तर पाइपिंग बेसलाइनवरच होतं. निळ्या पट्टीखालची करडी पट्टी मात्र 20व्या दिवशी संपत होती आणि निळी 26व्या. म्हणजे पंप सहा दिवस मागे पडला होता. पंप आल्यावर तो बसवायला चार दिवस, म्हणजे 27 ते 30. टेस्टिंग 35ला सुरू, त्यामुळे मधे चारच दिवसांचा फ्लोट उरला होता. आधी तो दहा दिवसांचा होता.

पंपाच्या पुरवठादाराला कुणी फोनच केला नाही. पंप शेवटी 32व्या दिवशी आला, बसवणं 33 ते 36 चाललं, टेस्टिंग 37ला सुरू झालं आणि काम 38ऐवजी 40व्या दिवशी संपलं. क्रिटिकल मार्ग, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, पंपाकडे सरकला होता आणि लाल पाइपिंगला उलट दोन दिवसांची मोकळीक मिळाली होती.

म्हणून माझी सवय अशी: रंग आधी विसरायचा. शेवटच्या टप्प्याच्या चौकटीवर, म्हणजे त्या हिऱ्यासारख्या खुणेवर बोट ठेवायचं आणि कामं जोडणारे बाण धरून मागे मागे जायचं. दोन कामांच्या मधे रिकामे दिवस दिसले की ते वहीत लिहायचे. ज्या साखळीत रिकामा दिवस सापडत नाही, ती बहुधा क्रिटिकल. "बहुधा" म्हणतो, कारण मुद्दाम ठेवलेलं थांबणं, उदाहरणार्थ काँक्रीट पक्कं होण्याचे दिवस, पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेसारखंच दिसतं.

दुसरी चूक तिरक्या फोटोची. मोबाईल खालून, बाजूने धरलेला असतो. वरच्या तारखेवरून डोळ्याने सरळ खाली उतरलं की तिसाव्या ओळीपर्यंत आठवडाभराचा फरक सहज पडतो. स्कॅनच्या ॲपमध्ये चारही कोपरे ओढून कागद आधी चौकोनी करून घ्या. तरीही मी वरच्या तारखेवरून मोजपट्टी लावत नाही. त्याच ओळीतली जवळची आठवड्याची रेघ धरतो आणि तिथून दिवस मोजतो. चार आठवडे 840 पिक्सेलमध्ये बसत असतील तर एक दिवस 30 पिक्सेल. पट्टीचं टोक बेसलाइनच्या टोकापुढे 90 पिक्सेल असेल तर तीन दिवस उशीर, आणि त्यात रविवार येतो का तेही बघायचं. डावीकडचे तारखांचे रकाने वाचता येत असतील तर मोजण्याच्या भानगडीतच पडू नका, आकडे वाचा. सोपं काम सोडून लोक पट्ट्यांकडे का धावतात, मला कळत नाही.

उभ्या रेषेबद्दलही घाई नको. ती आजची तारीख आहे की अपडेटची, म्हणजे प्रगती जिथपर्यंत नोंदवली त्या दिवसाची, हे विचारा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये या दोन वेगळ्या रेषा असतात. अपडेटच्या रेषेच्या डावीकडे अपूर्ण काम शिल्लक दिसलं, तर शेड्यूल नीट अपडेटच झालेलं नाही. अशा फोटोवरून उशिराचा आकडा देऊ नका.

जाड कंसासारखी पट्टी म्हणजे गटाची बेरीज, ती स्वतंत्र काम म्हणून मोजू नका.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटच्या फोटोत पट्टीच्या छटेवरून क्रिटिकल ठरवू नका.

एकही काम मागे पडलेलं दिसत नसेल तर बेसलाइन शेवटची कधी बदलली ते विचारा. गेल्याच आठवड्यात नवी बेसलाइन घेतली असेल तर जुना उशीर चार्टवरून पुसला गेलेला असतो. मी अशा वेळी आधीच्या महिन्याचा फोटो मागतो आणि शेवटच्या टप्प्याची तारीख दोन्हींत शेजारी शेजारी ठेवून बघतो.